पाहुण्या संघाला माफीपत्र: सही कोणाची, शब्द कोणते

बडोद्यात थंडी पडू लागली की कबड्डी, खो-खो आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या आमंत्रितांच्या स्पर्धा सुरू होतात, आणि दर मोसमात एखाद्या तरी सामन्यात घरच्या प्रेक्षकांचा तोल सुटतो. शिव्या जातात, पाण्याचे पाउच फेकले जातात, कधी बसची काच फुटते. दुसऱ्या दिवसापासून दांडिया बाजारातल्या चहाच्या टपरीवर एकच वाद चालतो: क्लबने पाहुण्या संघाला माफीपत्र द्यायचे की नाही? एक बाजू म्हणते, फेकणारी पोरे कोण हे ठाऊक नाही, ती आमची सभासदही नाहीत, मग आम्ही कशाची माफी मागायची? दुसरी बाजू म्हणते, देऊन टाका एक कागद, प्रकरण मिटेल. दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नाला चिकटून बसल्या आहेत, तो म्हणजे ‘गुन्हा कोणाचा’. माफीपत्राचा प्रश्न तो नाहीच. सामना कोणाच्या दारात झाला आणि त्या दारातली व्यवस्था कोणाच्या हातात होती, हा आहे. माझे मत स्पष्ट आहे: क्लबने माफीपत्र दिलेच पाहिजे, चौकशीची वाट न पाहता चोवीस तासांत दिले पाहिजे, आणि त्यात काय घडले ते नाव घेऊन लिहिले पाहिजे. तसे लिहायचे नसेल तर न दिलेले बरे, कारण गुळमुळीत पत्राने झालेल्या अपमानात भरच पडते.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक कल्पित सामना घेऊ, पण त्यातला एकही तपशील कबड्डीच्या मैदानावर नवखा नाही. बडोद्यातल्या क्लबने भरवलेली स्पर्धा, उपांत्य सामना, पाहुणा संघ इंदूरचा. उत्तरार्धाचे चौदावे मिनिट, गुणफलकावर एका गुणाचा फरक. इंदूरचा चढाईपटू बोनस रेषा ओलांडतो. बचाव करणाऱ्या बाजूचे किमान सहा खेळाडू मैदानात असतील तरच बोनस मिळतो, आणि पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. पंच बोनस देतात. अंतिम रेषेमागे बसलेल्यांना मागचा पाय जमिनीवर दिसला. खरे तर त्या कोनातून तो दिसूच शकत नाही, चढाईपटूचे शरीर मध्ये येते. पण आरडाओरडा सुरू होतो. इंदूरचे दोन गडी बाद होऊन बाहेर बसलेले. बाद खेळाडूंची बसण्याची जागा अंतिम रेषेमागे दोन मीटरवर असते, तोंड मैदानाकडे आणि पाठ प्रेक्षकांकडे. पाण्याचे भरलेले पाउच त्या दोघांच्या मानेवर येऊन फुटतात, सोबत त्यांच्या रंगावरून आणि गावावरून शब्द. सरपंच खेळ थांबवतात, नऊ मिनिटांनी पुन्हा सुरू करतात. इंदूर दोन गुणांनी हरते. बाहेर निघताना त्यांच्या बसची मागची काच फुटलेली असते.

आता ‘प्रेक्षकांवर आमचा ताबा नाही’ हे म्हणणे तपासू. विरोधी बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि त्यात तथ्य आहे. प्रवेश मोफत असतो, शहरभरातून माणसे येतात, हजार डोक्यांतल्या कुठल्या डोक्यात काय शिरेल ते कोणाला कळते? माणसाच्या तोंडावर क्लबला कुलूप लावता येत नाही, हे मान्य. पण त्या नऊ मिनिटांकडे उलट्या दिशेने जाऊन पाहा. प्रेक्षकांची दोरी बाद खेळाडूंच्या बाकापासून हातभर अंतरावर कशी आली? संध्याकाळी गर्दी वाढली म्हणून क्लबनेच दोन रांगा खुर्च्या पुढे टाकल्या. त्या टोकाला स्वयंसेवक का नव्हता? सगळे आठ जण प्रवेशद्वारापाशी आणि पाहुण्यांच्या मंचापाशी होते. पाउच कुठून आले? मैदानाच्या आत क्लबनेच लावलेल्या पाण्याच्या टेबलावरून, सीलबंद, अडीचशे मिलीलिटरचे. भरलेला पाउच दहा फुटांवरून मानेला लागला तर चांगला लाल वळ उठतो. आणि माइकवरचा निवेदक? पंचांनी बोनस दिल्यावर त्याने ‘बघा मंडळी, आपल्या पंचांना काय काय दिसतं’ असे म्हटले. पहिला पाउच त्या वाक्यानंतर पडला. म्हणजे दोरी, माणसे, पाउच आणि माइक या चार गोष्टी क्लबच्या हातात होत्या. क्लबच्या हातात नव्हता तो फक्त फेकणाऱ्याचा हात. माफी मागायची ती या चार गोष्टींची, आणि ती मागायला फेकणारा सापडण्याची गरज नाही.

फुटबॉलमध्ये हा विचार नियमात उतरला आहे. फिफाच्या शिस्तविषयक संहितेत यजमान क्लबवर सामन्याच्या आधी, दरम्यान आणि नंतरच्या सुव्यवस्थेची जबाबदारी टाकलेली आहे, आणि समर्थकांच्या काही ठरावीक गैरवर्तनांबद्दल, आयोजनात आपली हयगय नव्हती असे क्लबने सिद्ध केले तरी क्लबवर कारवाई होऊ शकते. आपल्या गावच्या कबड्डी स्पर्धेला ती संहिता लागू नाही आणि लागू व्हावी असे माझे म्हणणेही नाही. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रेक्षकसमुदायाशी दररोज झुंजणाऱ्या खेळाला अनुभवाने जे उमगले, ते आपण टाळतो आहोत, एवढे लक्षात घ्यावे.

इतिहासात याचा धडधडीत दाखला आहे. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराज सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करत असताना प्रेक्षकांतून त्याला उद्देशून शेरेबाजी झाली. तिसऱ्या दिवसाच्या खेळानंतर भारतीय संघाने तक्रार केली. चौथ्या दिवशी, १० जानेवारीला, पुन्हा तेच झाल्यावर सिराजने पंचांकडे धाव घेतली, खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने त्याच दिवशी, मालिकेचे यजमान या नात्याने, भारतीय संघाची बिनशर्त माफी मागितली. पुढे महिनाअखेरीस चौकशीचा निष्कर्ष आला तो असा की वर्णद्वेषी शेरेबाजी झाली हे खरे, पण बाहेर काढलेले ते सहा जण त्यासाठी दोषी नव्हते. म्हणजे गुन्हेगार सापडलाच नाही, उलट भलत्यांना बाहेर काढले गेले होते. मग १० जानेवारीची माफी चुकली का? तिचा एक शब्दही मागे घ्यावा लागला नाही. कारण ती ‘या सहा जणांनी तुम्हाला छळले’ अशी नव्हती, ‘आमच्या मैदानावर तुम्हाला हे सोसावे लागले’ अशी होती. चौकशी आणि माफी हे दोन वेगळे रस्ते आहेत, एक दुसऱ्यासाठी थांबत नाही, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

याच्या उलटचा दाखला दुर्दैवाने आपल्याच शहराचा आहे. ११ ऑक्टोबर २००७ रोजी बडोद्यातल्या एकदिवसीय सामन्यात ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स सीमारेषेपाशी उभा असताना प्रेक्षकांतून माकडाचे आवाज काढले गेले. पहिली प्रतिक्रिया काय होती? हा गैरसमज आहे. आठवडाभरात मुंबईच्या सामन्यात तसेच हावभाव करणारे प्रेक्षक छायाचित्रांत सापडले, पोलिसांनी काही जणांवर कारवाई केली, आणि ‘गैरसमज’ हा शब्द टिकला नाही. बडोद्याच्या क्रिकेटला विजय हजारे यांच्यापासून मोठी परंपरा आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण परदेशातल्या माणसाला बडोद्याची आठवण आजही त्या सामन्यावरून निघते. त्या रात्री यजमान म्हणून चार सरळ ओळी गेल्या असत्या तर आवाज काढणारे सज्जन झाले नसते, पण शहर आणि ते प्रेक्षक यांच्यात एक रेघ ओढली गेली असती. माफीपत्र ती रेघ ओढते. ते न देणारा क्लब आपण होऊन त्या गर्दीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

‘पण आम्ही फेकलेच नाही’ असे कळवळून म्हणणारे प्रामाणिक कार्यकर्ते असतात, आणि त्यांचा राग मला समजतो. महिनाभर नोकरी सांभाळून, वर्गणी गोळा करून, रात्री मॅट अंथरून त्यांनी स्पर्धा उभी केलेली असते. त्यांनी १३ मार्च १९९६ चे ईडन गार्डन्स आठवावे. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची पडझड सुरू झाल्यावर बाटल्या आल्या, आगी लागल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. त्या गर्दीतल्याच एकाने एक फलक धरला होता: श्रीलंकेचे अभिनंदन, आम्हाला क्षमा करा. त्या माणसाने बाटली फेकली असेल का? फेकणारा असा फलक रंगवत नाही. ज्याने काही केले नाही त्यालाच तो धरावासा वाटला, कारण आपल्या गावात आलेल्या माणसांशी हे झाले याची लाज त्याला वाटली. निरपराध माणूस यजमान म्हणून माफी मागू शकतो आणि तिने तो लहान होत नाही, हे त्या फलकात सगळे आले.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे, आणि क्लबच्या कार्यकारिणीत एखादे वकील असतील तर बैठक तिथेच अडते. लेखी माफी म्हणजे कबुली, उद्या कोर्टात हाच कागद पुढे येईल. यातही तथ्य आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या भरपाईविषयक कायद्याने स्पष्ट केले की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली धरली जाणार नाही. कॅनडाच्या काही प्रांतांत असेच कायदे आहेत. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून काळजी हवी. पण काळजी म्हणजे मौन नव्हे. आपल्या पुरावा कायद्यातही कबुली हा निर्णायक पुरावा मानलेला नाही, तो इतर पुराव्यांबरोबर तोलला जातो. आणि कोर्टात जाण्यासारखे प्रत्यक्षात असते काय? बहुतेक वेळा बसची एक काच. ती क्लबने बिल पाहून भरून द्यावी, पावती घ्यावी. पैशांचा व्यवहार वेगळ्या पत्राने करावा, म्हणजे माफी आणि भरपाई एकमेकांत गुंतत नाहीत. एखाद्या खेळाडूला खरोखर इजा झाली असेल, टाके पडले असतील, पोलिसांत तक्रार गेली असेल, तर पत्र वकिलांना दाखवूनच पाठवावे आणि त्यात जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावे. पण तशा वेळीसुद्धा सयाजी रुग्णालयात जाऊन त्या मुलाच्या खाटेशी उभे राहायला कुठल्या वकिलाची परवानगी लागते?

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिच्यात चांगले क्लबही चुकतात. शिवीगाळ जातीवरून झाली असेल तर ती केवळ खेळभावनेची बाब उरत नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तो क्लबच्या पत्राने मिटत नाही आणि मिटवण्याचा क्लबला अधिकारही नाही. म्हणून माफीपत्रात ‘हे प्रकरण आपण इथेच संपवावे’, ‘तक्रार पुढे नेऊ नये ही विनंती’ असली ओळ कधीही येता कामा नये. ती ओळ आली की माफीचे पत्र दबावाचे पत्र होते. उलट लिहावे की तुम्ही जो मार्ग घ्याल त्यात आमच्याकडची माहिती आम्ही देऊ.

आणि ती माहिती द्यायची तर ती असायला हवी. कॅमेऱ्याचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे भरते. काही जुन्या यंत्रांत तर आठवडाभरातच. म्हणून त्या रात्रीच त्या टोकाचे चित्रण वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून सचिवांच्या कपाटात ठेवावे. गुणलेखकाच्या तक्त्यावर खेळ किती वाजता थांबला आणि कधी सुरू झाला याची नोंद आहे का ते पाहून त्याचा फोटो घ्यावा. सरपंचांच्या अहवालाची प्रत मागावी. पत्रातली वेळ आणि सरपंचांच्या अहवालातली वेळ जुळली नाही तर पाहुण्या संघाला वाटते की आपण सारवासारव करतो आहोत, आणि त्यांना तसे वाटणे चुकीचेही नसते.

आता शब्दांकडे येऊ, कारण माफीपत्रे बहुधा तिथेच मरतात. आपल्याकडच्या ठरावीक पत्रात असते: ‘काल झालेल्या सामन्यात काही समाजकंटकांकडून उत्साहाच्या भरात जो अनुचित प्रकार घडला, त्यामुळे जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्लब खेद व्यक्त करतो.’ हे एकच वाक्य हाताशी धरून पाहा. ‘समाजकंटक’ म्हणजे आमच्यातले नव्हेत. ‘उत्साहाच्या भरात’ म्हणजे मुळात हेतू चांगला होता. ‘अनुचित प्रकार’ म्हणजे काय झाले ते सांगणार नाही. ‘घडला’ म्हणजे कोणी केला नाही, आपोआप झाला, पाऊस पडावा तसा. ‘जर’ म्हणजे दुखावल्याची अजून खात्री नाही. मानेवर वळ घेऊन बसने रात्रभर इंदूरला परत गेलेल्या मुलाला ही खात्री कोणी करून द्यायची? आणि शेवटी ‘खेद’. मराठीत खेद, दिलगिरी आणि माफी हे तीन शब्द एका ओळीतले नाहीत. खेद आपल्याला कुठल्याही वाईट गोष्टीचा होतो, तिच्याशी आपला संबंध असो वा नसो. दिलगिरी आपण ‘व्यक्त’ करतो, म्हणजे ती आपल्या तोंडून निघून तिथेच पूर्ण होते. माफी मात्र ‘मागावी’ लागते. तिच्यात समोरचा माणूस असतो आणि ती द्यायची की नाही हे त्याच्या हातात असते. पत्रात तो तिसरा शब्द हवा. ‘क्षमस्व’ नको, तो रस्ता खोदलेल्या ठिकाणच्या पाटीने कधीच वापरून झिजवला आहे.

आपल्या कल्पित सामन्यासाठी पत्र कसे असावे? ते हिंदीत जावे, कारण इंदूरच्या संघातली सगळीच मुले मराठी वाचणारी नसतील आणि पत्र खेळाडूंनी वाचायचे आहे. इथे मजकूर मराठीत देतो.

‘प्रति, संघ व्यवस्थापक, कर्णधार आणि सर्व खेळाडू. शनिवारच्या उपांत्य सामन्यात उत्तरार्धाच्या चौदाव्या मिनिटाला तुमच्या संघाला बोनस गुण मिळाल्यावर आमच्या बाजूच्या प्रेक्षकांनी बाद होऊन बसलेल्या तुमच्या दोन खेळाडूंवर पाण्याचे पाउच फेकले आणि त्यांच्या रंगावरून व गावावरून अपमानाचे शब्द वापरले. खेळ नऊ मिनिटे थांबला. सामन्यानंतर आमच्या आवारात कोणीतरी तुमच्या बसची मागची काच फोडली. या सामन्याचे यजमान आम्ही होतो. बाकामागची दोरी आम्ही पुरेशी मागे बांधली नव्हती, त्या टोकाला स्वयंसेवक ठेवला नव्हता, भरलेले पाउच आमच्याच टेबलावरून वाटले गेले, आणि आमच्या निवेदकाने माइकवरून पंचांच्या निर्णयाची खिल्ली उडवली. या सगळ्याची आम्ही तुमची माफी मागतो, आणि त्या दोन खेळाडूंची वेगळी माफी मागतो. निवेदकाला आम्ही उरलेल्या स्पर्धेतून दूर केले आहे. त्या टोकाचे चित्रण जपून ठेवले आहे. तुम्ही, संघटना किंवा पोलीस मागाल तेव्हा देऊ. आणखी काय केले ते पंधरा दिवसांत लिहून कळवू. अध्यक्ष. सचिव.’

या पत्रात काय नाही तेही पाहावे. सामन्याच्या निकालाचा उल्लेख नाही, कारण निकालाचा अधिकार संघटनेचा. क्लबने ‘खेळ मात्र चुरशीचा झाला’ असे लिहिले की हरलेल्या संघाला ती जखमेवरची फुंकर वाटत नाही, मीठ वाटते. पाहुण्या संघाच्या वागण्याबद्दल एक अक्षर नाही. अपमानाचे शब्द जसेच्या तसे उद्धृत केलेले नाहीत. ते सरपंचांच्या अहवालात असावेत, माफीत पुन्हा छापू नयेत. दोन खेळाडूंची नावे नाहीत, कारण पत्राची प्रत दहा गटांत फिरते आणि त्या मुलांना ‘ज्यांच्यावर पाउच फेकले ते’ अशी ओळख नको असते. क्लबच्या पन्नास वर्षांच्या गौरवशाली परंपरेचा परिच्छेद नाही. ती परंपरा त्या दिवशी कामाला आली नव्हती.

सही अध्यक्ष आणि सचिव दोघांची हवी. प्रसिद्धिप्रमुखाच्या सहीचे पत्र म्हणजे वरच्यांना यात हात घालायचा नाही, असा त्याचा अर्थ निघतो. कार्यकारिणीची बैठक बोलवायला वेळ नसतो, म्हणून सभासदांची फोनवर संमती घ्यावी आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ती नोंदवावी. पत्राला जावक क्रमांक द्यावा. पण पत्राआधी, त्याच रात्री, संघ बसमध्ये असतानाच सचिवांनी त्यांच्या व्यवस्थापकांना फोन करावा. दोन मिनिटांचा फोन: मुले ठीक आहेत का, काच फुटलेल्या बसने जाताय तर थंडीत मागे कोणी बसले नाही ना, उद्या लेखी पाठवतो. सकाळी पत्राची प्रत व्यवस्थापकांच्या मोबाइलवर, मूळ पत्र टपालाने, एक प्रत जिल्हा संघटनेला. सरपंच आणि पंचांना वेगळे पत्र, कारण निवेदकाने खिल्ली त्यांची उडवली होती, आणि ही माफी जवळजवळ सगळे विसरतात. आणि एक प्रत क्लबच्या सूचनाफलकावर. ज्या गटांत काल रात्री सामन्याच्या चित्रफिती हसत फिरवल्या गेल्या, त्याच गटांत आज हे पत्र अध्यक्षांनी स्वतः टाकावे. घरच्या प्रेक्षकांनी ते वाचणे पाहुण्यांनी वाचण्याइतकेच गरजेचे आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: पाहुण्यांनीही डिवचले होते. चढाईपटूने बोनस घेऊन मांडीवर थाप मारली, प्रेक्षकांकडे बोट केले. केलेही असेल. मांडीवर थाप हा कबड्डीचाच भाग आहे, आणि त्यापलीकडे काही असेल तर त्यासाठी पंचांच्या खिशात कार्डे असतात. क्लबला तक्रार करायची असेल तर ती संघटनेकडे स्वतंत्र कागदावर करावी, आठवड्याने करावी. माफीपत्रात ‘तथापि’ हा शब्द आला की आधीच्या सगळ्या ओळी पुसल्या जातात. वाचणारा तिथूनच वाचायला लागतो.

राहिला तो आक्षेप, जो मला स्वतःला सगळ्यात जड वाटतो आणि जो माफीच्या विरोधकांकडून नाही, खेळाडूंकडून येतो. ते म्हणतात, तुमची पत्रे स्वस्त असतात. पत्र येते, फोटो निघतो, पुढच्या वर्षी त्याच बाकामागे तीच गर्दी असते. हे खरे आहे, आणि बहुसंख्य माफीपत्रांबद्दल खरे आहे. पण यावरून पत्र देऊ नये असे निघत नाही. पत्रात तपासता येईल असे काही असावे असे निघते. म्हणून वरच्या पत्रातली पंधरा दिवसांची ओळ सगळ्यात महाग आहे. ती लिहिली की क्लब बांधला जातो. पंधरा दिवसांनी दुसरे पत्र जाते, आणि त्यात भावना नसतात, फक्त काम असते: बाद खेळाडूंच्या बाकामागे दोरी आता चार मीटरवर बांधतो, मध्ये खुर्ची टाकत नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन स्वयंसेवक, पाठ खेळाकडे आणि तोंड गर्दीकडे करून उभे. पाण्याचे पाउच आत बंद, कडेला माठ आणि स्टीलचे पेले. निवेदकाने गुण, नाव आणि वेळ एवढेच बोलायचे. बस प्रवेशद्वारापाशी नाही, कार्यालयाच्या भिंतीला लागून उभी राहील आणि संघ निघेपर्यंत तिथे एक माणूस असेल. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. दोरीचे अंतर टेपने मोजता येते, आणि पुढच्या वेळी इंदूरचा व्यवस्थापक ते मोजू शकतो.

इंदूर आणि बडोदा यांचे मैदानावरचे नाते जुने आहे. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघ बडोद्याला आला होता. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली ती त्याच पाहुण्यांविरुद्ध, इथल्याच मैदानावर. आणि हुतूतूच्या नियमांना छापील रूप देऊन १९२३ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा भरवली ती इथल्याच हिंदविजय जिमखान्याने. खेळाला नियम देणाऱ्या गावाने पाहुण्याला दोन मीटरवरच्या बाकावर निर्धास्त बसता येईल एवढी सोय करू नये, हे पटण्यासारखे आहे का?

दुसऱ्या पत्राला उत्तर येईलच असे नाही. बऱ्याचदा येत नाही, आणि त्याबद्दल फोन करून विचारूही नये. माफी मागितल्यावर ती मिळाली का, असा तगादा लावायचा नसतो. आवक-जावक नोंदवहीत दोन्ही पत्रांचे क्रमांक राहू द्यावेत. पुढच्या मोसमात आमंत्रणे निघतील तेव्हा पहिले आमंत्रण त्या संघाला जावे, आणि त्यासोबत मैदानाचा आराखडा जोडावा, त्यावर बाकामागची दोरी लाल शाईने काढून आणि अंतर आकड्यात लिहून.